लाइव्ह प्रक्षेपणाआधी अनलिस्टेड चाचणी कशी घ्यावी

समजा, कोथरूडच्या एका गायन वर्गाचा गुरुपौर्णिमेचा कार्यक्रम आहे. रविवारी संध्याकाळी पाच वाजता, कर्वे रस्त्यालगतच्या एका लहान सभागृहात. बाईंचे विद्यार्थी गाणार, साथीला तबला आणि पेटी, मागे दोन तानपुरे. ज्यांची मुलं किंवा नातवंडं परदेशात आहेत त्यांच्यासाठी यूट्यूबवर थेट प्रक्षेपण करायचं ठरलंय, आणि ते काम वर्गातल्या ‘कॉम्प्युटरमधलं कळणाऱ्या’ एका मुलाच्या गळ्यात पडलंय. कार्यक्रमाची लिंक आठवडाभर आधीच व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर गेली आहे. न्यू जर्सीतल्या काकू रविवारी सकाळी साडेसातला चहा घेऊन त्या लिंकवर बसणार आहेत.

हा लेख त्या मुलासाठी किंवा मुलीसाठी आहे. लॅपटॉपवर ओबीएस स्टुडिओ घातलेलं आहे, कॅमेरा आणि मिक्सर जोडता येतात, पण लाइव्ह कधी केलेलं नाही, असं धरून चालतो. विषय एकच: शुक्रवारी त्याच सभागृहात चाचणी घ्यायची, तीही अशी की रविवारच्या लिंकला धक्का लागणार नाही आणि चॅनेलच्या सदस्यांना त्याचा सुगावा लागणार नाही.

एक गोष्ट मात्र त्याच्याही आधी उरकून टाका. चॅनेलवर लाइव्हची सोय पहिल्यांदा चालू करताना फोन नंबरची पडताळणी होते आणि त्यानंतर २४ तासांपर्यंत थांबावं लागू शकतं. शुक्रवारी संध्याकाळी सभागृहात पोचून हे कळलं तर चाचणी तिथेच संपली. सोमवार-मंगळवारीच घरून करून ठेवा.

चाचणीसाठी वेगळा कार्यक्रम हवा

पहिली चूक इथे होते. बरेच जण रविवारचाच शेड्यूल केलेला कार्यक्रम थोडा वेळ Unlisted करतात, त्यावर चाचणी घेतात आणि नंतर पुन्हा Public करू म्हणतात. पण यूट्यूबवर एकदा संपवलेलं प्रक्षेपण पुन्हा सुरू होत नाही. चाचणी संपवलीत की त्या लिंकवर उरतं ते चाचणीचं रेकॉर्डिंग. मग रविवारसाठी नवी लिंक काढायची आणि सगळ्या ग्रुपांवर ‘कृपया आधीची लिंक वापरू नये’ असं लिहीत बसायचं. ते कोण वाचतं, हे आपल्याला माहीत आहेच.

म्हणून यूट्यूब स्टुडिओत Create, मग Go live, मग Manage असं जाऊन Schedule stream ने एक दुसराच कार्यक्रम तयार करा. नाव साधं ठेवा: ‘चाचणी, कृपया दुर्लक्ष करा’. वेळ शुक्रवारी संध्याकाळी पाचची, म्हणजे खऱ्या कार्यक्रमाचीच. इंटरनेटची गर्दी वेळेप्रमाणे बदलते, सकाळी अकराला मिळालेला वेग संध्याकाळचा भरवसा देत नाही.

शेवटच्या पडद्यावर दृश्यता विचारतात, तिथे Unlisted निवडा. आधीच काय निवडलेलं आहे ते न पाहता पुढे गेलात तर चाचणी Public होऊन बसायची. Private का नको? खासगी कार्यक्रम बघायला प्रत्येकाला ईमेलने आमंत्रण द्यावं लागतं आणि त्याच खात्याने लॉगिन करावं लागतं. आपल्याला तर चाचणी घरच्या टीव्हीवर, कुणाच्या तरी जुन्या फोनवर, परदेशातल्या लॅपटॉपवर बघून हवी आहे. अनलिस्टेड कार्यक्रम चॅनेलच्या पानावर किंवा शोधात दिसत नाही, सदस्यांना सूचना जात नाही आणि लिंक असलेला कुणीही लॉगिन न करता पाहू शकतो. अर्थात लिंक पुढे गेली की तीही कुणाच्याही हातात पडते, म्हणून ती चार जणांनाच द्या, ग्रुपवर नको.

खात्री करायला ब्राउझरची इनकॉग्निटो खिडकी उघडा. चॅनेलच्या पानावर चाचणी दिसता कामा नये, आणि लिंक टाकल्यावर मात्र उघडली पाहिजे.

स्ट्रीम कीचा सापळा

आता या लेखातला सगळ्यात महत्त्वाचा भाग. ओबीएसला ‘चाचणी’ किंवा ‘गुरुपौर्णिमा’ अशी नावं कळत नाहीत. त्याला कळते ती फक्त स्ट्रीम की, म्हणजे अक्षर-आकड्यांची एक लांबलचक ओळ. त्या कीवर चित्र-आवाज पाठवायचा, एवढंच ते करतं. की कोणत्या कार्यक्रमाला जोडलेली आहे हे यूट्यूब ठरवतं.

नवीन कार्यक्रम तयार केला की त्याला बहुतेक वेळा Default stream key लागते. म्हणजे रविवारच्या कार्यक्रमाला तीच आणि शुक्रवारच्या चाचणीलाही तीच. त्यात रविवारच्या कार्यक्रमाला Enable Auto-start चालू असेल, तर शुक्रवारी ओबीएसमध्ये Start Streaming दाबताच खरा कार्यक्रम दोन दिवस आधीच सगळ्यांसमोर सुरू होऊ शकतो. सदस्यांच्या फोनवर सूचना जाते आणि त्यांना दिसतं काय, तर रिकामं स्टेज आणि सतरंजीवर बसून वायर शोधणारे तुम्ही. तो संपवला की वर सांगितल्याप्रमाणे लिंकही गेली.

यावर दोन कुलुपं लावायची, आणि दोन्ही लावायची.

पहिलं म्हणजे वेगळी की. चाचणीच्या कार्यक्रमात Select stream key च्या यादीत Create new stream key आहे. तिथे नवी की काढा आणि तिला ‘चाचणी’ असं नाव द्या. रविवारच्या कार्यक्रमालाही ‘कार्यक्रम’ नावाची स्वतंत्र की दिलीत तर उत्तम, म्हणजे डीफॉल्ट की कुठेच लागणार नाही. जुन्या प्रक्षेपणाची नक्कल करून चाचणी तयार केली असेल तर कोणती की आली आहे ते डोळ्यांनी पाहून घ्या.

दुसरं म्हणजे ऑटो-स्टार्ट. दोन्ही कार्यक्रमांत Enable Auto-start बंद करा. मग ओबीएसमधून चित्र गेलं तरी ते फक्त तुमच्या लाइव्ह कंट्रोल रूममध्ये पूर्वदृश्य म्हणून दिसतं, प्रेक्षकांना नाही. Go live तुम्ही स्वतः दाबल्यावरच ते बाहेर जातं. Enable Auto-stop सुद्धा बंद ठेवा. जुलैत पुण्यात लाईट दोन मिनिटं जाणं काही नवलाचं नाही, आणि तेवढ्यासाठी यूट्यूबने कार्यक्रम संपला असं समजू नये.

आता ओबीएसकडे. चाचणी झाल्यावर की बदलायची राहून गेली तर रविवारी मैफल चाचणीच्या लिंकवर जाईल आणि काकू रिकाम्या पडद्याकडे बघत बसतील. हातांनी की चिकटवत बसण्यापेक्षा ओबीएसचे प्रोफाइल वापरा. आधी एक प्रोफाइल पूर्ण जुळवा, त्याला ‘कार्यक्रम’ नाव द्या, मग Profile मेनूतल्या Duplicate ने त्याची नक्कल करून तिला ‘चाचणी’ म्हणा आणि त्यात फक्त की बदला. प्रोफाइलमध्ये की, बिटरेट, चित्राचा आकार हे राहतं, सीन मात्र वेगळ्या संग्रहात असतात. त्यामुळे प्रोफाइल बदलल्यावर तुमची पाटी, कॅमेरा, नावांच्या पट्ट्या जागच्या जागी राहतात. चालू प्रोफाइलचं नाव खिडकीच्या वरच्या पट्टीत दिसतं. Start Streaming दाबण्यापूर्वी ते वाचायची सवय शुक्रवारीच लावून घ्या.

बिटरेटचा फार घोळ घालू नका. ७२० ओळींचं, सेकंदाला ३० फ्रेमचं चित्र आणि ४००० केबीपीएस एवढं बैठकीच्या मैफलीला पुष्कळ आहे, कारण पडद्यावर हालचाल फारशी नसते. Rate Control हे CBR ठेवा, Keyframe Interval २ सेकंद. सभागृहातल्या इंटरनेटचा अपलोड वेग याच्या दुप्पट, म्हणजे ८ एमबीपीएसच्या आसपास तरी हवा. डाउनलोडचा मोठा आकडा दाखवून व्यवस्थापक खूश होतील, पण आपल्याला त्याचा उपयोग नाही.

चाचणी चालवताना

चाचणी दहा मिनिटांत आवरू नका. पाऊण तास चालवा. कित्येक कॅमेरे बटणाला हात लागला नाही की अर्ध्या तासाने स्वतः झोपी जातात, लॅपटॉप तापला की संथ होतो. हे दोन्ही दहा मिनिटांत दिसत नाही.

चार प्रेक्षक नेमा, आणि चौघांना चार वेगळी कामं द्या. एकाने हेडफोन लावून ऐकायचं. एकाने घरच्या टीव्हीवर पाहायचं. एकाने फोनवर मोबाइल डेटाने. चौथे परदेशातले कुणी तरी मिळाले तर फारच छान. नुसतं ‘कसं दिसतंय?’ विचारलंत तर ‘मस्त!’ असं उत्तर आणि अंगठा येतो, आणि त्यातून काहीही कळत नाही.

आणखी एक अडचण म्हणजे प्रेक्षकाला सगळं उशिरा दिसतं. Normal latency ठेवली, आणि मैफलीला तीच ठेवावी, कारण तिच्यात चित्र कमी अडकतं, तर पाव-अर्ध्या मिनिटाचा फरक सहज पडतो. ‘आत्ता आवाज फाटला’ असा निरोप येईपर्यंत तुम्ही तिसरंच काही करत असता. म्हणून कुणी तरी दर मिनिटाला माइकवर मोठ्यांदा म्हणायचं: ‘मिनिट सात’, ‘मिनिट आठ’. प्रेक्षकांनी निरोपात तो आकडा लिहायचा. मिनिट आठला आवाज फाटला म्हटलं की त्या मिनिटाला मिक्सरवर काय झालं होतं ते शोधता येतं, आणि नंतर रेकॉर्डिंगमध्येही ती जागा लगेच सापडते.

तुम्ही स्वतः प्रक्षेपणाच्या लॅपटॉपवर यूट्यूबचं पान आवाज चालू ठेवून उघडू नका. ओबीएसमधला Desktop Audio तो आवाज पुन्हा पकडतो आणि काही सेकंदांनी तेच गाणं मागून ऐकू येत राहतं. Desktop Audio बंदच करून टाका. तसंही मैफलीत व्हॉट्सअ‍ॅपचा टुंग आवाज कुणाला हवाय?

आवाज: इथे वेळ घालवा

चित्र थोडं धूसर असलं तर गाण्याच्या कार्यक्रमाला लोक माफ करतात. आवाजाला नाही.

सुरुवात टिचकीने करा. लॅपटॉपच्या झाकणावर बोटाने टिचकी मारा आणि ओबीएसचा मीटर पाहा. काटा जोरात उडाला तर आवाज मिक्सरमधून येत नसून लॅपटॉपच्या स्वतःच्या माइकमधून येतोय. लांबून, घुमणारा, सभागृहातल्या पंख्यासकट. नवख्यांच्या प्रक्षेपणात हे सर्रास होतं, आणि सभागृहात बसलेल्यांना कळत नाही, कारण तिथले स्पीकर तर व्यवस्थित वाजत असतात.

मग पातळी. गाण्यात तार सप्तकातली तान आणि खर्जातला आलाप यांत जमीन-अस्मानाचा फरक असतो. चाचणीला कुणी तरी येऊन ‘हॅलो, हॅलो’ म्हणतं आणि त्यावर पातळी लावली जाते. रविवारी पहिल्याच तानेला मीटर लाल पट्ट्यात जातो. म्हणून वर्गातल्या सगळ्यात मोकळ्या आवाजाच्या विद्यार्थिनीला बोलवा आणि पूर्ण जोर लावून तान घ्यायला सांगा. ओबीएसच्या मीटरवर -२० पर्यंत हिरवं, तिथून -९ पर्यंत पिवळं, त्यापुढे लाल असतं. जोराच्या ताना पिवळ्याच्या वरच्या टोकाला पोचाव्यात, लाल पट्ट्यात रेंगाळू नयेत. तबल्याची थाप क्षणभर लालला टेकली तर घाबरू नका.

आता तानपुरा. इंटरनेटवरच्या सल्ल्याप्रमाणे पुष्कळ जण माइकला Noise Suppression चा फिल्टर लावून ठेवतात. तो माणसाच्या बोलण्यासाठी बनवलेला आहे. एकसारखा चालणारा कुठलाही नाद त्याला पंख्यासारखाच वाटतो आणि तो कापून टाकतो. परिणाम असा की तानपुरा गायब होतो, मधूनच उगवतो, पेटीचा लांबवलेला सूर थरथरतो. सभागृहात हे ऐकू येत नाही, हेडफोनवाल्या प्रेक्षकाला लगेच कळतं. त्याला मुद्दाम विचारा: ‘कुणी गात नसताना तानपुरा ऐकू येतोय का?’ नसेल तर तो फिल्टर काढून टाका, पंखा ऐकू आला तरी चालेल.

त्यालाच दुसरा प्रश्न: दोन्ही कानांत आवाज आहे ना? मिक्सरमधून एकच वायर आली असेल तर आवाज फक्त डाव्या बाजूला जातो. फोनच्या स्पीकरवर हे कळत नाही, हेडफोनवर मात्र अर्धं डोकं बहिरं झाल्यासारखं वाटतं. Advanced Audio Properties मध्ये त्या इनपुटला Mono ची खूण केली की प्रश्न मिटला.

शेवटी टाळी. कॅमेऱ्याचं चित्र कॅप्चर कार्डमधून थोडं रेंगाळत येतं, मिक्सरचा आवाज मात्र लगेच, त्यामुळे तबल्याचा बोल आधी ऐकू येतो आणि हात नंतर पडतो. माइकजवळ, कॅमेऱ्यासमोर जोरात टाळी वाजवा आणि ओबीएसमध्येच रेकॉर्ड करा. कुठल्याही व्हिडिओ संपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये ती फाइल टाकली की आवाजाचा सुळका आणि हात भिडल्याची फ्रेम यांत किती फ्रेमचं अंतर आहे ते मोजता येतं. सेकंदाला ३० फ्रेम म्हणजे एक फ्रेम साधारण ३३ मिलिसेकंदांची. आवाज ४ फ्रेम आधी येत असेल तर त्या इनपुटच्या Sync Offset मध्ये १३० टाका आणि पुन्हा टाळी वाजवून पाहा.

अडकतंय, पण कुठे?

प्रेक्षकांनी ‘चित्र अडकतंय’ म्हटलं की सगळे इंटरनेटला शिव्या घालतात. आधी ओबीएसमध्ये Docks मेनूतून Stats उघडा. Dropped Frames वाढत असतील तरच दोष इंटरनेटचा. मग बिटरेट २५०० पर्यंत उतरवा, आणि वायफायवर असाल तर राउटरपासून लॅपटॉपपर्यंत केबल टाका. encoding lag ची ओळ वाढत असेल तर लॅपटॉप चित्र दाबून बसवण्यात मागे पडतोय, आणि rendering lag वाढत असेल तर सीनच जड झालाय. या दोन्हीला वेगवान इंटरनेटचा काही उपयोग नाही. उघडे टॅब बंद करा, चार्जर लावा, चित्राचा आकार कमी करा. तिन्ही आकडे स्थिर असूनही एकाच प्रेक्षकाकडे अडकत असेल तर ती त्याच्या घरची भानगड आहे, तिच्यासाठी काही बदलू नका.

चाचणीत न दिसणारं

शुक्रवारी सभागृह रिकामं असतं. रविवारी तिथे दीडशे माणसं आणि दीडशे फोन असतील, वायफायची हवा भरून जाईल आणि आसपासच्या मोबाइल टॉवरवरही ताण येईल. म्हणून चाचणीत वायफाय उत्तम चाललं तरी रविवारी केबलच लावा.

मोबाइल हॉटस्पॉटवर करणार असाल तर हिशोब कागदावर करा, चाचणी तो सांगणार नाही. ४००० केबीपीएस म्हणजे सेकंदाला अर्धा एमबी. दोन तासांना ३६०० एमबी, आवाज धरून थोडं जास्तच. दिवसाला दीड जीबीचा पॅक असेल तर तो ५० मिनिटांत संपतो. शुक्रवारची पाऊण तासाची चाचणी जेमतेम त्या आत बसते आणि छान पार पडते, रविवारी मात्र बाई स्वतः गायला बसतात तेव्हाच वेग कोसळतो.

लाईटचंही तसंच. लॅपटॉपला बॅटरी असते, राउटरला नसते. चाचणीत एकदा राउटरचा प्लग मुद्दाम काढा, मिनिटभराने लावा आणि काय होतं ते पाहा. ओबीएस आपोआप पुन्हा जोडून घेतं का, प्रेक्षकांना पान पुन्हा उघडावं लागतं का, किती वेळ जातो. राउटरसाठी छोटा यूपीएस मिळाला तर घेऊन टाका.

संपवणं आणि रविवार

संपवण्याचाही सराव करा. ऑटो-स्टॉप बंद असल्यामुळे नुसतं ओबीएस थांबवून कार्यक्रम संपत नाही. आधी कंट्रोल रूममध्ये End stream, मग ओबीएसमध्ये Stop Streaming. थोड्या वेळाने चाचणीचं रेकॉर्डिंग त्याच लिंकवर येतं. ते शनिवारी शांतपणे हेडफोन लावून ऐका, प्रेक्षकांनी लिहिलेली मिनिटं तपासा, आणि मग काढून टाका.

रविवारी साडेचारला ओबीएस उघडा, वरच्या पट्टीत ‘कार्यक्रम’ प्रोफाइल आहे ना ते वाचा आणि Start Streaming दाबा. ऑटो-स्टार्ट बंद असल्याने हे चित्र फक्त तुम्हालाच दिसेल. पूर्वदृश्य कोणत्या कार्यक्रमाच्या पानावर आलंय ते पाहा: ते गुरुपौर्णिमेच्या पानावर हवं. टिचकी आणि टाळी पुन्हा एकदा मारा, कारण मधल्या दोन दिवसांत मिक्सरच्या खटक्यांना कुणी तरी हात लावलेला असतोच. सभागृहात त्या वेळी रेकॉर्ड केलेली गाणी वाजत असतील तर ती बंद होईपर्यंत थांबा. यूट्यूबची कॉपीराइट यंत्रणा लाइव्हमध्येही ती ओळखते आणि प्रक्षेपण मध्येच थांबवू शकते. मग पाचला पाच मिनिटं कमी असताना Go live दाबा.